व्हेच्या डब्यातला वाटाणा

जिमच्या दारातून आत शिरलं की आधी मास्तर दिसायचे आणि मग मास्तर दिसायचे. आधीचे भिंतीवर, नंतरचे खाली. भिंतीवरचे पंचविशीतले, नुसत्या काळ्या चड्डीवर, पोटावर फरशी बसवल्यासारखे चौकोन. खालचे पन्नाशीला टेकलेले, गळ्यात शिट्टी, आणि टी-शर्टवरची अक्षरं पोटापाशी येऊन जरा रुंद झालेली. नवा माणूस फोटोकडे बघायचा, मास्तरांकडे बघायचा, आणि आदराने विचारायचा, "तुमचे धाकटे भाऊ का?"

मास्तर हे हसून घ्यायचे. पण एके दिवशी जिमच्या मालकाने त्यांना काउंटरपाशी बोलावलं. मालक तिशीचा होता, वडिलांच्या मागे जिम त्याच्याकडे आलेली. मास्तरांनी त्याला लहानपणी डंबेलवरून उतरवलेलं असल्यामुळे तो त्यांच्याशी बोलताना नेहमी छताकडे बघून बोलत असे.

"मास्तर, भिंती रंगवायच्यात. फ्रेमा सगळ्या उतरतील."

"उतरू दे. नंतर लावू परत."

"तेच म्हणत होतो." मालकाची नजर पंख्यावर. "लोक फोटो बघून आत येतात आणि तुम्हाला बघून विचारात पडतात. एक तर फोटो तुमच्यासारखा पाहिजे, नाहीतर तुम्ही फोटोसारखे. रंगारी यायला तीनेक महिने आहेत. तेव्हा बघू काय ते."

मास्तरांच्या मनाला ते फार लागलं. आयुष्यात त्यांनी एकच स्पर्धा लढवली होती, तिच्यात तिसरे आले होते, आणि तिच्या आदल्या दिवशी काढलेला हा फोटो सोडला तर आपण कधीकाळी कोणीतरी होतो याचा दुसरा पुरावा त्यांच्याकडे नव्हता. तो भिंतीवरून उतरणार म्हटल्यावर त्यांना पोटात खड्डा पडल्यासारखं झालं. बाहेरून मात्र त्याचा पत्ता लागत नव्हता, हीच तर अडचण होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बॅचसमोर त्यांनी जाहीर केलं, की रंगारी येईल तेव्हा भिंतीवरचा आणि खालचा माणूस एकच दिसेल. आणि तोही शुद्ध शाकाहारावर आणि व्हेवर.

व्हे म्हणजे मास्तरांची श्रद्धा होती. चीज करताना दुधातून जे पाणी सुटतं ते गाळून, सुकवून केलेली ही पावडर वीस वर्षं ते पीत आले होते आणि दुसऱ्यांना पाजत आले होते. शाकाहाऱ्याला अंडं नाही, मासा नाही, मग चरबी उतरवताना स्नायू टिकवायचे कशावर? व्हेवर. सोया आणि वाटाण्याच्या पावडरी निघाल्यापासून तर त्यांच्या वाणीला धार चढली होती. "वाटाणा कबुतरांना घालतात," ते म्हणत, "आणि कबुतराचा बायसेप बघितलाय का कोणी?"

हे वाक्य ते मुद्दाम जरा मोठ्याने म्हणत. कारण पलीकडच्या केबिनमध्ये त्यांची मेहुणी बसायची.

मेहुणी म्हणजे बायकोची धाकटी बहीण, आहारतज्ज्ञ. पूर्वी जिथे चपला ठेवत त्या खोलीला काच लावून मालकाने तिला केबिन दिली होती. टेबलावर एक छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आणि मागे पावडरींचे डबे, त्यात व्हेही असे, सोयाही, वाटाणाही. भाऊजींचं बोलणं काचेतून ऐकू आलं की ती शांतपणे दार उघडून उभी राहायची.

"भाऊजी, व्हे चांगलं आहे, नाही कोण म्हणतंय? पटकन पचतं, स्नायूंना जे ल्युसिन लागतं ते त्यात जास्त असतं. पण वाटाणा-सोया थोडं जास्त घेतलं की तेही काम करतंच. सोया तर सगळ्या बाजूंनी पूर्ण आहे. वाटाण्यात एक घटक कमी पडतो, तो दिवसभरातल्या भात-गव्हातून भरून निघतो. दिवसाचं एकूण प्रोटीन किती, हे बघायचं."

"आणि सोयाने पुरुषांचं काय होतं ते?"

"काही होत नाही. तपासून झालंय ते. आणि चरबी कुठल्याच पावडरीने जात नाही, ती कमी खाल्ल्याने जाते. पावडर फक्त भूक थोपवते आणि स्नायू राखते."

"तुझं पुस्तक बोलतंय," असं म्हणून मास्तर शिट्टी वाजवत. वादात शेवटचा शब्द शिट्टीचा.

तिचं ऐकून सोया-वाटाण्यावर गेलेल्या पहिल्या बाई म्हणजे बँकेतल्या काकू. कॅशच्या खिडकीमागे बसून बसून वजन वाढलेलं, गुडघे बोलायला लागलेले. त्यांनी आल्या दिवशी मास्तरांना विचारलं होतं, "काही चीज वासराच्या पोटातल्या रसाने बनवतात म्हणे. मग त्यातून निघालेलं हे व्हे मला चालेल का?" मास्तरांना वीस वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्यांनी शिट्टी वाजवली. काकू केबिनमध्ये गेल्या. तिथे मेहुणीने सांगितलं की सगळं व्हे तसं नसतं, कुठल्या रसाने बनवलंय ते कंपनीला विचारता येतं, पण नकोच असेल तर दुसरा डबा आहे. काकू दुसरा डबा घेऊन बाहेर आल्या.

तर मास्तरांनी कंबर कसली. जेवण कमी केलं आणि व्हे तिप्पट केलं. सकाळी एक, दुपारी एक, रात्री एक, तेही दुधातून, म्हणजे जोर दुप्पट. आठवडा बरा गेला. मग पोट बोलायला लागलं.

वीस वर्षं जे पोट मुकाट्याने दूध पचवत आलं होतं, ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर फितूर झालं. आधी नुसतं गुरगुर. मग फुगणं. मग पुढचं. मास्तर कोणाला बैठका शिकवायला मागे उभे राहिले की तो माणूस दोन बैठकांतच पुरे म्हणायचा. खिडकीजवळच्या सायकलींना एकाएकी भलतीच मागणी आली. मालकाने काही न बोलता एक पंखा वाढवला. एकदा मास्तर मोठ्या मनाने म्हणाले, "आज सगळे लवकर दमले का?" त्यावर काकू म्हणाल्या, "दमलो नाही मास्तर, दम कोंडला." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, हे तर मास्तरांना जास्तच झोंबलं.

मेहुणीला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, की हे दुधातल्या साखरेचं काम आहे, साध्या व्हेत ती बरीच असते, वर दूध घालून तुम्ही तिला आणखी बळ देताय. एक तर जास्त गाळलेलं, महागातलं व्हे पाण्यातून घ्या, नाहीतर वाटाण्यावर या. पण विचारायचं कोणाला? जिला कबुतरांवरून बोललो तिला? त्यापेक्षा मास्तर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला गेले. डोक्यावर टोपी, तोंडाला रुमाल, आणि एका दुकानात जाऊन हळूच म्हणाले, "वाटाण्याची पावडर द्या. चॉकलेटची. घरच्यांसाठी आहे."

दुकानदार पोरगेला, बोलका. डबा काढता काढता म्हणाला, "कुठल्या जिमला जाता काका?"

मास्तरांनी नाव सांगितलं, सवयीने.

"अरे वा. मी एकदा चौकशीला गेलो होतो तिथे. तिथे भिंतीवर एक फोटो आहे बघा, काय शरीर होतं त्या माणसाचं." दुकानदाराने डबा पुसला. "वारले म्हणे ते."

"हो," मास्तर रुमालातून म्हणाले. "बरेच दिवस झाले."

घरी येऊन त्यांनी दार लावलं आणि वाटाण्याची पावडर आपल्या व्हेच्या जुन्या डब्यात ओतली. जिममध्ये डबा सगळ्यांसमोर उघडावा लागे, त्यामुळे बाहेरचं लेबल व्हेचंच पाहिजे. रिकामा डबा त्यांनी पिशवीत गुंडाळून तीन गल्ल्या पलीकडच्या कचऱ्यात टाकला, आत त्याचा चमचा होता तो तसाच. कशाला लागतोय? व्हेच्या डब्यात व्हेचा चमचा होताच की.

पोट दोन दिवसांत शहाणं झालं. सायकली मोकळ्या झाल्या, बैठकांना माणसं उभी राहू लागली. पण चव? पहिला घोट घेतला तेव्हा मास्तरांना वाटलं आपण शाळेची जुनी भिंत चाटतोय. खारट, मातकट, आणि घशात रेंगाळणारी. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यात केळं घातलं. तिसऱ्या दिवशी दोन केळी. मग मध, मग खजूर, आणि मग मोठा चमचा भरून शेंगदाण्याचं लोणी, कारण शेंगदाण्यात प्रोटीन असतं हे कोण नाकारेल? आठवडाभरात जिममधल्या मिक्सरमधून असं काही बाहेर पडायला लागलं, की लग्नाच्या पंगतीत वाढलं तरी लोकांनी मागून घेतलं असतं. दिवसातून तीनदा.

वजन हलेना. मग मास्तरांनी जेवण आणखी कापलं. पहिल्यांदा ताटातून डाळ गेली, मग उसळ, मग दही. पावडर आहे ना, मग हे कशाला? बायको ताटाकडे बघायची आणि त्यांच्याकडे बघायची. तिचा फोटो स्टुडिओ होता, बघणं हाच तिचा धंदा.

"तू उपाशी राहून जाडा कसा राहतोस, हे मला कोणीतरी समजावून सांगा," ती म्हणाली.

"शरीर जुळवून घेतंय."

"कशाशी?"

महिना उलटला. पोट होतं तिथेच होतं, आणि जे वजन मास्तर दहा-बारा वेळा सहज उचलत त्याला आता सात-आठमध्ये हात थरथरू लागले. हे बॅचने बघितलं. आणि बॅचने त्यातून जो निष्कर्ष काढला तो मास्तरांनी स्वप्नातही बघितला नव्हता. मास्तर काय पितात? व्हे. मास्तरांचं काय होतंय? हे असं. त्यात काकूंचे दंड घट्ट दिसायला लागलेले आणि कंबर सैल. एकेक करून माणसं केबिनच्या दारात उभी राहू लागली. "मॅडम, ते काकूंचं द्या."

मास्तरांची अवस्था मोठी विचित्र झाली. ते मनात वाटाण्याला शिव्या घालत होते आणि गावभर बदनामी व्हेची होत होती. खरं सांगावं तर कबुतर व्हावं लागणार, गप्प बसावं तर वीस वर्षांची श्रद्धा आपल्याच पोटापायी बुडणार. शेवटी त्यांनी ठरवलं, रंगारी येऊन जाऊ दे, मग गुपचूप व्हेवर परत.

पण भांडं काकूंनी फोडलं, आणि तेही अगदी निरागसपणे. त्या दिवशी त्या आपली पुडी घरी विसरल्या होत्या. मास्तर बाहेर फोनवर. डबा बाकावर. "एक दिवस व्हे घेतलं तर काही बिघडत नाही, उद्या कंपनीला विचारीन," असं म्हणून काकूंनी चमचाभर पावडर पाण्यात ढवळली, घोट घेतला, आणि थांबल्या. पुन्हा एक घोट घेतला. तेवढ्यात मास्तर आत आले.

"मास्तर," काकू कॅशच्या खिडकीतून हाक मारावी तशा स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "हा तर वाटाणा आहे."

ट्रेडमिलवरचा एक जण चालता चालता थांबला आणि मागे गेला.

"कंपनीची चूक असेल," मास्तर म्हणाले.

"रोज पिते मी. ही माझीच आहे, चॉकलेटची." काकूंनी प्रेमाने डब्यावर हात ठेवला. "मला वाटलंच, तुमच्या मिक्सरमधून एवढी केळी कशाला जातात."

काचेचं दार उघडलं. मेहुणी बाहेर आली, तिने डबा उचलला, वास घेतला, आणि भाऊजींकडे बघितलं. मास्तरांनी शिट्टी तोंडात धरली, पण वाजवली नाही. तिला हसायला एवढी मोठी संधी आयुष्यात पुन्हा मिळाली नसती, आणि तिने ती सोडली. "आत या भाऊजी," एवढंच म्हणाली.

आत तिने डब्यातला चमचा काढला, काठोकाठ भरला आणि काट्यावर उलटा केला. आकडा वीसवर जाऊन थांबला.

"व्हेचा हा चमचा तीस ग्रॅमचा. ही पावडर फुगीर आहे, तिचा चमचा मोठा असतो. तो कुठाय?"

"टाकला."

"म्हणजे तुम्ही प्रत्येक वेळी तिसरा हिस्सा कमी घेताय. व्हेला बरोबरी करायची तर उलट थोडी जास्त घ्यायला पाहिजे. बरं, जेवणात काय आहे?"

मास्तरांनी सांगितलं. डाळ नाही, उसळ नाही, दही नाही.

"आणि मिक्सरमध्ये?"

मास्तरांनी तेही सांगितलं, खालच्या आवाजात. मेहुणीने हिशेब मांडायला पेन उचललं आणि परत ठेवलं.

"भाऊजी, तुम्ही प्रोटीन कापलंत आणि गोडधोड वाढवलंत. लोक याच्या बरोबर उलटं करतात. यात बिचाऱ्या वाटाण्याचा काही दोष नाही, आणि व्हेचाही नाही."

मास्तर काट्याकडे बघत राहिले. त्यांना खरोखर लाज वाटली. चुकीचा चमचा वापरला हे तर कोणाकडूनही होईल; पण तो चमचा चुकला होता डबा लपवल्यामुळे, आणि डबा लपवला होता एका फोटोसाठी. "किती दिवस राहिलेत रंगाऱ्याला?" त्यांनी विचारलं. तिने कॅलेंडर बघितलं नाही. तिने ताटात डाळ परत आणली, सोया आणि वाटाणा मिसळून दिला, प्रत्येक वेळी काट्यावर मोजून, पाण्यातून, केळ्याविना. "चव?" मास्तरांनी विचारलं. "तिला इलाज नाही," ती म्हणाली. "थंडगार प्या आणि नाकाने श्वास घेऊ नका."

त्यानंतर मास्तर सगळ्यांसमोर वाटाणा प्यायले. पहिल्या सकाळी कोणीतरी कोपऱ्यातून कबुतरासारखं घुमलं. मास्तरांनी ग्लास संपवला, तोंड पुसलं आणि त्याला जास्तीच्या वीस बैठका दिल्या. हळूहळू हाताची थरथर गेली, वजन पुन्हा दहा-बारापर्यंत मानाने उचललं जाऊ लागलं, आणि टी-शर्टवरची अक्षरं एकमेकांच्या जवळ आली. पट्ट्याचं एक भोक आत गेलं, मग दुसरं. चांगलंच होतं ते. पण भिंतीवरच्या चौकोनांपासून अजून कोसभर लांब.

रंगारी आला. फ्रेमा उतरून बाकावर ओळीने उभ्या राहिल्या, जिमभर रंगाचा वास पसरला. भिंत वाळल्यावर मालकाने मास्तरांना बोलावलं, फोटो त्यांच्याशेजारी धरला आणि छताकडे बघितलं. छतही नवीन रंगवलं होतं, त्यामुळे बघायला निदान काहीतरी होतं.

"मास्तर, मेहनत केलीत. पण..."

"माहीत आहे," मास्तर म्हणाले.

त्यांची बायको तिथेच होती, मालकाने तिला नव्या भिंतीसाठी फोटो काढायला कॅमेरा घेऊन बोलावलं होतं. तिने फ्रेम हातात घेतली. तो फोटोही तिनेच काढलेला, लग्नाच्या आधी.

"याच्यासारखा कोणीच दिसत नाही," ती म्हणाली. "हाही दिसत नव्हता. दोन दिवस पाण्याचा थेंब घेतला नव्हता याने, शिरा दिसाव्यात म्हणून. मी श्वास आत ओढ म्हटलं, याने ओढला, मी बटण दाबलं आणि हा सरळ माझ्या दिव्यांवर कोसळला. मीठ-साखरेचं पाणी पाजून शुद्धीवर आणलं. एवढ्या एका क्षणापुरता होता हा असा. पुढची पंचवीस वर्षं मी जो बघतेय तो हा." तिने बोट खालच्या मास्तरांकडे केलं.

मास्तरांनी ही गोष्ट कधी कोणाला सांगितली नव्हती. बॅच ऐकत होती. त्यांना वाटलं आता हसतील, पण कोणी हसलं नाही. मास्तरांनी फ्रेम बायकोच्या हातातून घेतली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि स्वतःच्या बॅगेत ठेवली.

"मग त्या खिळ्यावर काय लावू?" मालकाने विचारलं. आज पहिल्यांदा तो त्यांच्याकडे बघून बोलला.

मास्तरांनी इकडेतिकडे बघितलं. पलीकडे बँकेतल्या काकू बारखाली उभ्या होत्या. आल्या तेव्हा त्यांना खुर्चीतून उठायला दोन्ही हात लागत. आज बारच्या दोन्ही बाजूंना वजनाच्या चकत्या होत्या आणि काकू कोणी बघण्याची वाट बघत होत्या.

"त्यांचा लावा," मास्तर म्हणाले. "तो खोटा नाही."

काकूंनी नको नको म्हणत केस नीट केले. बायकोने दिवा लावला. एवढं वजन घेऊन बसायचं म्हणजे मागे आधाराला माणूस हवाच, म्हणून मास्तर काकूंच्या मागे जाऊन उभे राहिले, हात बारखाली, जवळ पण न टेकलेले, वीस वर्षं उभे राहत आले तसे. काकू खाली गेल्या. मास्तरांच्या लक्षात आलं की आपण चौकटीत येतोय. पंचवीस वर्षांच्या सवयीने त्यांचं पोट आपोआप आत गेलं, छाती वर आली, चेहरा लाल झाला.

कॅमेऱ्यामागून बायको थांबली. तिने एक डोळा उघडला.

"श्वास सोड," ती म्हणाली.

मास्तरांनी सोडला. काकू वर आल्या, आणि तिने बटण दाबलं.

आता जिमच्या दारातून आत शिरलं की भिंतीवर काकू दिसतात, दात दाखवून हसणाऱ्या. त्यांच्या मागे एक माणूस अर्धा दिसतो, पोटासकट. नवा माणूस फोटोकडे बघतो, मास्तरांकडे बघतो, आणि म्हणतो, "हे तुम्हीच ना?"